कोरियन ग्राहकसेवेच्या उत्तरांतली आदराची सरमिसळ: दुरुस्तीच्या नोंदी

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार

स्वयंपाकघरातली विजेची उपकरणं आणि त्यांचे सुटे भाग कोरियात ऑनलाइन विकणाऱ्या एका दुकानाचं ग्राहकसेवेचं काम आमच्याकडे आहे. तक्रारींची उत्तरं अर्धी पुण्यातून जातात, अर्धी सोलमधून. उत्तर कोणी सुरुवातीपासून लिहीत नाही. ११८ तयार तुकडे आहेत. एजंट त्यातले पाच-सहा निवडतो, एकाखाली एक लावतो आणि पाठवतो.

गेल्या आठवड्यात एका ग्राहकाला भात शिजवायच्या कुकरचं आतलं भांडं चुकीच्या मापाचं गेलं. आमचं उत्तर वाचून तो भांड्यापेक्षा उत्तरावरच जास्त चिडला. माफी मागताय की नियम वाचून दाखवताय, असं त्यानं विचारलं. तिकीट माझ्याकडे आलं. आम्ही पाठवलेलं उत्तर हे होतं:

```
안녕하세요, 고객님.
불편을 드려 정말 죄송해요.
주문한 상품과 다른 크기의 내솥이 배송됐네요.
오배송 상품의 반품 배송비는 판매자가 부담한다.
새 상품은 회수 확인 후 발송되십니다.
궁금한 점이 계시면 저희에게 여쭤봐 주십시오.
감사합니다.
```

व्याकरणाची ढोबळ चूक शोधायला गेलं तर पटकन सापडत नाही, म्हणून तर हे इतके महिने चाललं. कोरियन न येणाऱ्यांसाठी याचा सूर मराठीत असा काहीसा लागतो: “नमस्कार. त्रास झाला, खूप सॉरी हं. मागवलं त्यापेक्षा वेगळ्या मापाचं भांडं पोचलंय की. चुकीच्या मालाच्या परतीचा खर्च विक्रेता सोसतो. जुना माल परत मिळाल्यावर नवीन माल निघण्याची कृपा करील. काही शंका विराजमान असल्यास आमच्या चरणी विनवून विचाराव्यात. धन्यवाद.” सात ओळींत माणूस पाच वेळा बदलला आहे.

१८ फेब्रुवारी

आज तुकड्यांचं मूळ शोधलं. वरचं उत्तर पाच वेगवेगळ्या हातांचं निघालं. माफीचा तुकडा चॅटसाठी लिहिलेला, म्हणून त्यात मोकळा बोलका सूर. परतीच्या खर्चाची ओळ अंतर्गत नियमपुस्तिकेतून जशीच्या तशी उचललेली. शेवटून दुसरी ओळ कोणीतरी शब्दकोशातलं सर्वांत आदराचं क्रियापद शोधून घातलेली.

दुरुस्ती सुरू करण्याआधी एक गोष्ट स्वतःसाठी लिहून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ हिच्याभोवती होणार आहे. मराठीत आदर कळतो तो मुख्यतः तू, तुम्ही, आपण आणि त्यांच्याबरोबर बदलणाऱ्या क्रियापदावरून. कोरियनमध्ये ‘तुम्ही’ हा शब्द ग्राहकाला वापरतच नाहीत. ‘गोगेङनिम’, म्हणजे ‘ग्राहक’ला आदराचा ‘निम’ लावून, हाक मारतात किंवा कर्ता गाळून टाकतात. आदर दोन वेगळ्या ठिकाणी बसतो. वाक्याच्या शेवटच्या प्रत्ययावरून मी कोणाशी बोलते आहे ते कळतं. क्रियापदाच्या पोटात शिरणाऱ्या ‘-शि-’वरून मी कोणाबद्दल बोलते आहे ते कळतं. ही दोन्ही स्वतंत्रपणे बिघडू शकतात. शेवट अगदी नम्र आणि पोटातला ‘-शि-’ गायब, किंवा ‘-शि-’ आहे पण चुकीच्या डोक्यावर, असं सहज होतं.

शेवटाच्या ज्या तीन पातळ्या आमच्या तुकड्यांत आहेत त्या अशा. ‘हाप्श्यो-छे’, औपचारिक नम्र, ‘-म्निदा’ने संपणारी. ‘हेयो-छे’, मोकळी नम्र, ‘-यो’ने संपणारी. आणि ‘हेरा-छे’, जी वर्तमानपत्रांत, पुस्तकांत, नियमांत असते आणि नुसत्या ‘-दा’ने संपते.

२० फेब्रुवारी

११८ तुकडे हातानं वाचण्याआधी यंत्रानं चाळावेत म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहिली. वाक्याचा शेवट बघायचा आणि पातळी सांगायची. ‘-निदा’ने संपलं तर औपचारिक, ‘-यो’ने संपलं तर मोकळं, उरलेलं ‘-दा’ असेल तर नियमपुस्तिकेचं. दुपारी निकाल आला आणि मी खूश झाले: नियमपुस्तिकेची वाक्यं फारच थोडी.

संध्याकाळी सहज एक ‘औपचारिक’ ठरलेलं वाक्य वाचलं आणि सगळं थांबवलं. वाक्य होतं, ‘ही वस्तू परतीस पात्र नाही’, आणि ते ‘आनिदा’ या शब्दावर संपत होतं. ‘आनिदा’ म्हणजे ‘नाही’, साधं, नियमपुस्तिकेचं. अक्षरं मात्र शेवटी ‘निदा’च. म्हणजे ग्राहकाला सर्वांत जास्त टोचणारी वाक्यं, नकाराची, माझ्या चाळणीतून नम्र म्हणून पार झाली होती.

खरा फरक आधीच्या अक्षरात आहे. औपचारिक शेवटात ‘निदा’च्या आधीच्या अक्षराच्या तळाशी ‘प’ हे व्यंजन असतं (उच्चारात ते पुढच्या ‘न’मुळे ‘म’ होतं, म्हणून आपण ‘म्निदा’ ऐकतो). ‘आनिदा’त ते नसतं. हांगुल अक्षरं युनिकोडमध्ये हिशेबानं रचलेली असल्यामुळे तळाचं व्यंजन भागाकाराच्या बाकीवरून काढता येतं. ‘प’ची बाकी १७ येते:

```python
def hapsyo(s):
    s = s.rstrip(' .!?~')
    if s.endswith('십시오'):
        return True
    return (len(s) > 2 and s[-2:] in ('니다', '니까')
            and (ord(s[-3]) - 0xAC00) % 28 == 17)
```

दुसरी चूक उलट दिशेची. ‘कागदपत्रांची आवश्यकता’ अशा तुटक ओळी ‘पिर्यो’ (आवश्यक) या नामावर संपतात. शेवटी ‘यो’ आल्यामुळे स्क्रिप्टनं त्यांना मोकळ्या नम्र पातळीत टाकलं. प्रत्यक्षात त्या ओळींत क्रियापदच नाही, नम्रता असणार कुठून? त्यासाठी अपवादांची छोटी यादी केली. हे सगळं निस्तरायला दीड दिवस गेला.

२४ फेब्रुवारी

आता आकडे खरे वाटतात. ११८ पैकी ४१ तुकड्यांत एकाहून जास्त पातळ्या आहेत. आणि तुकडा आतून नीट असला तरी शेजारचा तुकडा दुसऱ्या पातळीचा असतोच.

मी सरळ निर्णय घेतला: सगळं ‘हाप्श्यो-छे’. विधानं ‘-म्निदा’, प्रश्न ‘-म्निक्का’, विनंत्या ‘-शिप्शियो’. तीन दिवस लावून सगळे तुकडे बदलले. अगदी वरचं ‘आन्न्योंग हासेयो’सुद्धा ‘आन्न्योंग हाशिम्निक्का’ केलं, कारण स्क्रिप्ट प्रत्येक उत्तराच्या पहिल्याच ओळीवर लाल खूण करत होती: ‘हासेयो’ आकारानं मोकळ्या पातळीचं आहे. शेवटी एकही लाल खूण उरली नाही. फाइल सोलला पाठवली.

२७ फेब्रुवारी

सोलमध्ये आमचे मजकूर तपासणाऱ्या बाई आहेत. आम्ही एकमेकींना नावापुढे ‘निम’ लावून लिहितो. त्यांचं उत्तर मोजकं आणि सौम्य होतं, पण अर्थ स्पष्ट: हे पाठवू नका.

त्यांनी लिहिलं की आधीच्या उत्तरांत वेगवेगळी माणसं बोलत होती आणि आता कोणीच बोलत नाही. पाच ओळींत चार ‘-शिप्शियो’ आले की ते रेल्वे स्थानकावरच्या सूचनेसारखं लागतं. काही ठिकाणी मी ‘-शिप्शियो’ऐवजी ‘-शिगी बाराम्निदा’ (‘...अशी अपेक्षा आहे’) घातलं होतं. ते आणखी थंड लागतं, असं त्या म्हणाल्या. चूक आमची असताना ग्राहकाकडून अपेक्षा कसल्या ठेवायच्या?

हे मला लगेच पटलं, कारण मराठीत ते आपण रोज भोगतो. ‘कृपया नोंद घ्यावी’ यात ‘कृपया’ आहे, ‘-ावी’ आहे, शिवी तर नाहीच नाही, तरी ते खिडकीपलीकडून येतं. ‘एवढं बघून घ्याल का?’ जास्त साधं आहे आणि जास्त आदराचं वाटतं.

मग त्यांनी मूळ मुद्दा सांगितला, जो मी शिकताना कुठेच नीट वाचला नव्हता. कोरियन ग्राहकसेवेच्या चांगल्या लेखनात या दोन नम्र पातळ्या एकत्र येतातच. विधान ‘-म्निदा’वर आणि विनंती ‘-जुसेयो’वर, ही जोडी इतकी रुळलेली आहे की वाचणाऱ्याला ती सरमिसळ वाटत नाही. हे त्यांचं नमुन्याचं वाक्य:

```
확인해 드리겠습니다. 잠시만 기다려 주세요.
```

‘तपासून देतो. जरा थांबा.’ पहिला शेवट औपचारिक, दुसरा मोकळा, आणि दोन्ही मिळून एकच माणूस बोलतो आहे. ‘आन्न्योंग हासेयो’चंही तसंच. ते आता गोठलेलं अभिवादन आहे, त्याची पातळी कोणी मोजत नाही.

तीन दिवसांचं काम मागे घेतलं. जुन्या फाइलची प्रत ठेवली होती, एवढं बरं.

३ मार्च, सोमवार

कोरियात सुट्टी आहे. १ मार्चचा स्वातंत्र्य चळवळीचा दिवस यंदा शनिवारी आला, त्याची भरपाई आज. सोलकडून काही येणार नाही, म्हणून शेवट बाजूला ठेवून फक्त पोटातला ‘-शि-’ हातानं तपासला. हे स्क्रिप्टला जमत नाही. क्रियापदाचा कर्ता बहुतेक वाक्यांत लिहिलेलाच नसतो. तो ग्राहक आहे, आम्ही आहोत की पार्सल आहे, हे वाचणाऱ्यानंच ओळखायचं.

पहिला प्रकार: ‘-शि-’ हवा तिथे नाही. बहुतेक वेळा तो वाक्याच्या शेवटी नसून मधल्या विशेषणात हरवतो. आमच्या उत्तरात ‘मागवलेली वस्तू’साठी ‘जूमुनहान’ होतं. मागवणारा ग्राहक आहे, तेव्हा ‘जूमुनहाशिन’ हवं. लिहिणाऱ्यानं शेवटाकडे लक्ष दिलं आणि मध्ये ग्राहकाला साध्या माणसासारखं सोडून दिलं. असे १९ सापडले.

दुसरा प्रकार: ‘-शि-’ वस्तूला लावलेला. ‘नवीन माल रवाना होईल’ यात रवाना होणारं भांडं आहे, आणि आम्ही भांड्याला मान दिला. हा दोष खुद्द कोरियातल्या दुकानांत, कॅफेंत सर्रास ऐकू येतो. कॉफी ‘येते’ऐवजी कॉफी ‘येतात’, माल ‘संपले आहेत’, अशा थाटात. राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेनं तो चूक ठरवला आहे, पण काउंटरवरची मुलं ग्राहकाला कमी पडायला नको म्हणून बोलून जातात. त्यांना मी दोष देत नाही. लिहिताना मात्र विचार करायला वेळ असतो, म्हणून तिथे तो राहू देणं बरोबर नाही.

याच्याच शेजारी एक बारीक पेच आहे. ग्राहकाची शंका ही वस्तूच, पण ती ग्राहकाची आहे, म्हणून तिच्यामार्फत ग्राहकाला मान देता येतो. तेव्हा ‘असणे’ या क्रियापदाचं ‘इस्सुशिदा’ हे रूप घ्यायचं. आम्ही ‘केशिदा’ घेतलं होतं. ते माणूस स्वतः हजर असतो तेव्हाचं. ‘केशिम्योन’ म्हटल्यावर शंका स्वतः येऊन आसनावर बसते.

तिसऱ्या प्रकारानं मला खरंच वाईट वाटलं. ‘योज्ज्वोबोदा’ म्हणजे ‘विचारणे’, पण लहानानं मोठ्याला विचारणे. शब्द आदराचा आहे हे खरं, फक्त आदर ज्याला विचारायचं त्याच्या वाट्याला जातो. ‘आम्हाला विचारा’ या वाक्यात तो घातला की मोठे आम्ही आणि लहान ग्राहक. कोणीतरी जास्तीत जास्त नम्र व्हायच्या प्रामाणिक इच्छेनं ग्राहकालाच खाली बसवलं. हाच शब्द १२ तुकड्यांत शेवटच्या ओळीत होता, म्हणजे जवळजवळ प्रत्येक पत्रात जात होता. ‘देणे’चं नम्र रूप ‘दुरिदा’ही असंच एका दिशेनं चालतं: आम्ही ग्राहकाला देताना चालतं, ग्राहक आम्हाला देताना नाही.

४ मार्च

सकाळी साडेसहाला कॉल केला. सोल आपल्यापुढे साडेतीन तास आहे. पुण्यात ऑफिस उघडतं तेव्हा तिकडे जेवणाची वेळ होते, आणि आपल्या अडीचला ते घरी निघतात. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी तपासणीच्या वेळा आधी ठरवून घ्याव्यात. माझे किमान चार दिवस नुसती वाट बघण्यात गेले.

मी विचारलं, ‘-म्निदा’बरोबर ‘-जुसेयो’ चालतं, तर मग ‘-यो’चे बाकीचे शेवट का खटकतात? माफीच्या तुकड्यात आणि त्याच्या खालच्या ओळीत ‘-यो’च तर होतं. त्यावर आमचं अर्धा तास बोलणं झालं. माझ्या मते या कामातलं सर्वांत मोलाचं तेच.

‘-नेयो’ हा शेवट बोलणाऱ्याला एखादी गोष्ट आत्ताच लक्षात आल्याचं सांगतो. ‘अरे, पाऊस पडतोय की’ मधला ‘की’. ‘वेगळ्या मापाचं भांडं पोचलंय की’ असं दुकानच म्हणतं तेव्हा ते वाटेवरून जाणाऱ्या माणसासारखं बाजूला उभं राहतं. चूक त्याची आहे, पण तो बघ्या झाला. ‘-गोदुन्यो’ कारण सांगतो, पण ‘त्याचं काय आहे, तुम्हाला माहीत नसेल’ असा त्यात भाव असतो. ‘साठा संपला’ हे ‘-गोदुन्यो’नं सांगितलं की ते उलट उत्तर वाटतं. आणि ‘-जो’, दुजोरा मागणारा: ‘पावती आहे ना तुमच्याकडे?’ पावती नसलेल्या माणसाला ते उलटतपासणीसारखं लागतं. तिघंही नम्र पातळीत बसतात, पातळी मोजणाऱ्याला त्यांच्यात खोट दिसत नाही. मैत्रिणीच्या दुकानात ते गोड लागतात, तक्रारीच्या उत्तरात नाही.

‘च्वेसोंगहेयो’ आणि ‘च्वेसोंगहाम्निदा’ या दोन माफ्यांबद्दल त्या ठाम होत्या. माफी, नकार आणि पैशांबद्दलची ओळ कायम ‘-म्निदा’वर संपवायची, उत्तर चॅटमधलं असलं तरी. त्या तीन जागी मोकळा शेवट आला की आपण गोष्ट हलकी घेतली असं वाचणाऱ्याला वाटतं.

नियमपुस्तिकेच्या ‘-हान्दा’बद्दल त्यांनी वेगळंच सांगितलं. मी इतके दिवस तो उद्धट समजत होते. तो उद्धट नाही, तो कोणालाच उद्देशून नाही. बातमी वाचणाऱ्याला कोणी उद्धट म्हणत नाही. पण पत्रात समोर बघून बोलता बोलता एक ओळ तशी आली की बोलणाऱ्यानं मध्येच तोंड फिरवून भिंतीवरचा फलक वाचल्यासारखं होतं. आमच्या ग्राहकाचं ‘नियम वाचून दाखवताय’ हे शब्दशः बरोबर होतं.

६ मार्च

भांड्याचं उत्तर आज नव्यानं लिहिलं. दोन मसुदे परत आले, तिसरा मान्य झाला:

```
안녕하세요, 고객님.
주문하신 것과 다른 크기의 내솥을 보내 드려 죄송합니다.
반품 배송비는 저희가 부담합니다.
택배 기사님이 방문하시면 받으신 상자 그대로 전달해 주세요.
회수가 확인되면 새 상품을 바로 보내 드리겠습니다.
궁금한 점이 있으시면 언제든지 문의해 주세요.
감사합니다.
```

मराठीत याचा सूर असा लागतो: “नमस्कार. आपण मागवलेल्यापेक्षा वेगळ्या मापाचं भांडं आम्ही पाठवलं, त्याबद्दल क्षमस्व. परतीचा खर्च आम्ही सोसतो. कुरिअरवाले आले की मिळालेला खोका तसाच त्यांच्याकडे द्या. माल परत मिळाल्याची खात्री झाली की नवीन माल लगेच पाठवतो. काही शंका असल्यास केव्हाही विचारा. धन्यवाद.”

पहिल्या मसुद्यात मी माफीची ओळ आणि काय चुकलं ती ओळ वेगवेगळ्या ठेवल्या होत्या. त्यांनी त्या एकत्र करायला लावल्या. वेगळ्या असल्या की माफी कशाची ते कळत नाही, आणि चूक सांगणाऱ्या ओळीला कर्ता द्यायचं टाळता येतं. ‘भांडं पोचलं’ची जागा ‘आम्ही पाठवलं’नं घेतली. कर्ता आम्ही ठरल्यावर क्रियापदाचं रूप आपोआप ठरलं: आम्ही ग्राहकाला पाठवलं, म्हणून ‘दुरिदा’चं रूप, आणि मागवलं ग्राहकानं, म्हणून ‘जूमुनहाशिन’.

तिसऱ्या ओळीत असंच ‘विक्रेता’ जाऊन ‘जोही’ आलं, ‘आम्ही’चं विनम्र रूप. नियमपुस्तिकेला ‘विक्रेता’ शोभतो, कारण ती तिसऱ्यानं लिहिलेली असते. पत्र विक्रेत्याचंच आहे. ‘जोही’ एकदा वापरलं की पुढे कुठेही साधं ‘उरी’ येता कामा नये. तीही सरमिसळच, फक्त सर्वनामातली, आणि माझी स्क्रिप्ट ती बघत नव्हती. आता बघते.

दुसरा मसुदा कुरिअरवाल्याच्या ओळीवर अडला. घरी येणारा तो आहे, मग ‘-शि-’ त्याला लावायचा का? मी काढला होता, वस्तूंना मान देऊ नये हे डोक्यात पक्कं बसल्यामुळे. पण तो माणूस आहे. ‘गिसानिम’ म्हणून त्याला आदरानं संबोधलं आणि क्रियापद साधं ठेवलं तर एकाच ओळीत मान देऊन काढून घेतल्यासारखं होतं. परत लावला.

शेवट मोजले तर पहिल्या ओळीचं अभिवादन आणि दोन ‘-जुसेयो’ सोडून सगळं ‘-म्निदा’ आहे. माझ्या २४ तारखेच्या स्क्रिप्टनं या उत्तरावर तीन लाल खुणा केल्या असत्या.

११ मार्च

११८ तुकड्यांपैकी ९६ दुरुस्त. आठवडाभर हेच केलं, त्याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं नाही. वेळखाऊ होतं, अवघड नव्हतं.

अडचण आली जोडणीत. प्रत्येक तुकडा आता स्वतःपुरता नीट आहे, तरी काल एक उत्तर असं गेलं: वरचे तीन तुकडे ईमेलचे, खालचे दोन चॅटचे. चॅटचे तुकडे मुद्दाम मोकळ्या पातळीत ठेवले आहेत, तिथे प्रश्नसुद्धा ‘-यो’वर संपतात, आणि चॅटमध्ये ते योग्यच आहे. ईमेलच्या खाली ते लागले की वाटतं, लिहिणाऱ्यानं मध्येच टाय सैल केला. उलट दिशेनं जास्त वाईट होतं. मोकळं बोलता बोलता अचानक ‘-म्निदा’ सुरू झालं की ग्राहक दचकतो: आता हे नाही म्हणणार.

म्हणून तुकड्यांच्या नावातच माध्यम घातलं आणि चॅटचे तुकडे ईमेलच्या खिडकीत दिसणारच नाहीत अशी सोय करून घेतली. एजंटनं लक्षात ठेवावं ही अपेक्षा सोडून दिली. दिवसाला सत्तर तिकिटं उरकणाऱ्या माणसाकडून ती अपेक्षा करणं बरोबर नाही.

चॅटमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. ग्राहक मोकळं लिहितो, कधी आदराचे प्रत्यय गाळून तुटक लिहितो, आणि आमची मुलं त्याच्या सुराला सूर मिळवत खाली सरकतात. पुण्यात आपण असंच बोलतो, समोरचा ‘अरे’वर आला की आपणही येतो. इथे तसं चालत नाही. ग्राहक कुठल्याही पातळीवर असला तरी आपण आपल्या जागेवरून हलायचं नाही.

१३ मार्च

उरलेले २२ तुकडे आज संपले. उद्या धुळवड, म्हणून रात्रीपर्यंत बसून फाइल चढवली.

हिशेब: सतरा कामाचे दिवस धरले होते त्याऐवजी एकोणीस लागले. त्यातले तीन ‘सगळं एकाच पातळीत’ या माझ्या चुकीच्या निर्णयात गेले, दीड स्क्रिप्टमध्ये. सोलच्या तपासणीचे सहा तास मंजूर होते, अकरा झाले. जास्तीचे तास मागताना मी फक्त दोन उत्तरं, जुनं आणि नवं, शेजारी शेजारी छापून मराठी सुरासह दाखवली.

स्क्रिप्ट आता तीनच गोष्टींवर थांबवते: नियमपुस्तिकेचा ‘-दा’, माफी-नकार-पैशांच्या तुकड्यांत ‘-यो’, आणि ‘जोही’बरोबर ‘उरी’. ‘-नेयो’, ‘-गोदुन्यो’, ‘-जो’ दिसले तर नुसती पिवळी खूण करते, निर्णय माणसावर. ‘-शि-’ कोणाच्या डोक्यावर आहे हे अजूनही हातानंच बघावं लागतं.

एक दोष चॅटमधून निघालेला नाही. ‘इथे नाव भरा’ असं सांगताना मुलं विनंतीऐवजी ‘-शिल्गेयो’ लिहितात. कोरियातल्या दवाखान्यांत, सलूनमध्ये हेच रोज ऐकून त्यांनी उचललं आहे. पण ‘-ल्गेयो’ हे बोलणाऱ्यानं स्वतःबद्दल दिलेलं वचन आहे, ‘मी करीन’. त्यात ग्राहकाचा ‘-शि-’ घातला की वचन देणारा एक आणि करणारा दुसरा. तुकड्यांत ते नाही, मुलं ते हातानं लिहितात. सोमवारी त्यांच्याबरोबर बसणार आहे, पन्नास जुनी चॅट घेऊन.